मानीचे श्रावक

जयसिंगपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू दिगंबर जैन होत्या. चातुर्मासात गावात मुनी आले की काकूंच्या घरचं घड्याळच बदलायचं. पहाटे विहिरीचं पाणी आणून गाळायचं, शुद्धीचे कपडे नेसून स्वयंपाक करायचा आणि मग हातात कलश घेऊन दारात उभं राहायचं. मुनी रस्त्याने येताना दिसले की, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ!" मुनी थांबतीलच असं नसे. एका वर्षी थांबले. अंगणात उभे राहून ओंजळीत आहार घेऊ लागले आणि चौथ्या की पाचव्या घासात केस निघाला. अंतराय! मुनींनी ओंजळ सोडली आणि शांतपणे निघून गेले. आता उद्यापर्यंत पाणीसुद्धा नाही. काकू दिवसभर रडत होत्या, जेवल्या नाहीत. मी त्यांना विचारलं होतं, "काकू, तुम्ही स्वतःला श्रावक म्हणता, म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "ऐकणारे. महाराज सांगतात, आपण ऐकायचं, आणि आपण रांधायचं."

पुढे कित्येक वर्षांनी मी मानी नावाच्या माणसाबद्दल वाचत होतो. (मराठीत 'मानी' म्हटलं की ताठ कण्याचा, कुणापुढे न वाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हाही तसाच होता, पण नाव आहे आरमाइक.) त्याच्या धर्मात दोनच प्रकारचे लोक: निवडलेले साधू-साध्वी आणि त्यांना जेवू घालणारे गृहस्थ. या गृहस्थांना मध्य पर्शियनमध्ये 'नियोशाग' म्हणत, लॅटिनमध्ये 'ऑडिटर'. दोन्हींचा अर्थ एकच: ऐकणारा. श्रावक! मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. हा धर्म एके काळी उत्तर आफ्रिकेपासून चीनच्या किनाऱ्यापर्यंत पसरला होता, आणि आज त्याचा म्हणून ओळखता येईल असा समाज कुठे नाही. तो कसा पसरला आणि कसा मोडला, हे मला त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याच्या ताटातून जास्त कळलं.

मानी जन्मला इ.स. २१६ मध्ये, बॅबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागात. वडील पत्तिक एका स्नानव्रती पंथात सामील झालेले. येशूला मानणारे, पण सोवळ्याओवळ्याचे कडक असे हे लोक. स्वतः रोज अंघोळ करायची आणि भाजीपालाही पाण्यात बुडवून 'पवित्र' करून घ्यायचा. मानी यांच्यातच वाढला. त्याच्या या दिवसांची हकिकत सांगणारी एक ग्रीक पोथी जर्मनीतल्या कोलोन शहरात आहे. तिचं पान जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंच आणि साडेतीन रुंद, काडेपेटीएवढं, आणि त्यावर तेवीस-तेवीस ओळी. चिकटून ढेकूळ झालेली ही पोथी १९६९ मध्ये मोठ्या कौशल्याने उलगडली गेली.

त्या पोथीतला तरुण मानी भाजी तोडायला नकार देतो. खजुराचं झाड त्याच्या सोबत्याशी बोलतं, कापलेल्या पाल्यातून रक्त वाहतं, पाणीसुद्धा अंघोळीने दुखावतं. हे झालं चमत्काराचं. पण मला आवडतो तो त्याचा वाद. तो पंथाच्या वडीलधाऱ्यांना म्हणतो, भाजी धुऊन खा की न धुता खा, दुसऱ्या दिवशी शरीरातून जे बाहेर पडतं ते सारखंच असतं. मग त्या धुण्याने शुद्ध काय झालं? देवधर्माच्या वादात इतका रोखठोक मुद्दा क्वचितच कुणी मांडला असेल. वयाच्या बाराव्या आणि चोविसाव्या वर्षी आपला दिव्य 'जुळा' आपल्याला भेटला, असं मानी सांगे. दुसऱ्या भेटीनंतर तो पंथातून बाहेर पडला.

त्याची शिकवण थोडक्यात अशी. आरंभी प्रकाश आणि अंधार वेगळे होते. अंधाराने प्रकाशावर हल्ला केला, त्या युद्धात प्रकाशाचा काही अंश गिळला गेला, आणि आपलं हे जग त्या मिसळीतून घडलं. त्यामुळे प्रकाश सगळीकडे अडकून पडलाय, माणसात, झाडात, दगडातही. सर्वांत जास्त फळांत आणि भाज्यांत, विशेषतः खरबूज, काकडी, द्राक्षं अशा रसरशीत गोष्टींत. निवडलेल्या साधूने ते खाल्लं की त्याच्या शुद्ध देहात प्रकाश गाळून वेगळा होतो आणि प्रार्थनेबरोबर वर जातो. चंद्र म्हणजे हा प्रकाश वाहून नेणारी नाव. पंधरा दिवस ती भरत जाते, मग आपला माल सूर्याकडे उतरवते आणि रिकामी होते. शुक्ल आणि कृष्ण पक्षाचा असा खुलासा मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

इथेच काकूंच्या अंगणाशी असलेलं साम्य संपतं. जैन मुनी जेवतात ते देह चालवण्यापुरतं. आहार ही त्यांच्या लेखी तडजोड. मानीच्या साधूसाठी जेवण हीच पूजा होती आणि पोट हेच देऊळ. दिवसातून एकदा तो जेवत असे, आणि त्या एका जेवणाने जगाच्या सुटकेचं काम थोडं पुढे सरकत असे.

आता अडचण बघा. फळ तोडणं म्हणजे प्रकाशाला जखम करणं. म्हणून साधूने तोडायचं नाही, पेरायचं नाही, कापणी नाही, दळण नाही, रांधणं नाही. लग्न, मांस, मद्य तर नाहीच. मग हे सगळं कोण करणार? श्रावक. तो शेती करील, व्यापार करील, संसार करील, फळं तोडण्याचं पाप करील, आणि तीच फळं साधूला वाढल्यावर ते पाप त्याला माफ होईल. विरोधकांनी उतरवून ठेवलेल्या एका प्रार्थनेत साधू भाकरीला उद्देशून म्हणतो की मी तुला कापलं नाही, दळलं नाही, भट्टीत घातलं नाही. ते दुसऱ्याने केलं, मी निर्दोष आहे. ख्रिस्ती लेखक यावर तुटून पडले: ज्याच्या हातचं खायचं त्यालाच दोष द्यायचा, हा कुठला न्याय! टीका अगदीच चुकीची नाही. पण त्या व्यवस्थेचा दुसरा अर्थ असा की मानीचा साधू एकटा जंगलात जाऊन राहूच शकत नव्हता. तो जिथे जाईल तिथे आधी एक उघडं दार, एक चूल आणि एक न घाबरणारं घर हवं होतं. आपल्याकडच्या गोसाव्यासारखं कंदमुळं खणून खाण्याचीही त्याला सोय नव्हती.

म्हणून हा धर्म व्यापाऱ्यांच्या वाटेने गेला, घराघरांतून गेला आणि मुद्दाम प्रत्येकाच्या भाषेत गेला. मानीने इराणच्या शाहपूर राजासाठी 'शाबुहरगान' हा ग्रंथ पर्शियनमध्ये लिहिला. त्यातला एक उतारा अल्-बिरुनीने जपून ठेवलाय: देवाचं ज्ञान कधी बुद्धाच्या रूपाने भारतात आलं, कधी जरथुष्ट्राच्या रूपाने इराणात, कधी येशूच्या रूपाने पश्चिमेला, आणि आता माझ्याद्वारे बॅबिलोनियात. आधीचे धर्म एका देशात आणि एका भाषेत राहिले, माझा सगळ्या देशांत आणि सगळ्या भाषांत जाईल, असं तो सांगे. तो स्वतः तरुणपणी जहाजाने सिंधूच्या मुखाकडे येऊन गेला आणि आजच्या बलुचिस्तानातल्या तुरानच्या राजाला त्याने आपलंसं केलं. पश्चिमेला रोमन साम्राज्यात त्याने आपला शिष्य अद्दा याला पाठवलं आणि पूर्वेला मार अम्मोला. अम्मोची निवड का, तर त्याला पार्थियन भाषा येत होती. येशूने ग्रंथ लिहिला नाही, बुद्धाने लिहिला नाही, म्हणून त्यांच्या मागे घोटाळे झाले, हे ओळखून मानीने आपले ग्रंथ स्वतः लिहिले आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वर चित्रांचं एक पुस्तकही केलं.

शाहपूर होता तोवर त्याला दरबारात मान होता. शाहपूर गेला, आणि थोड्याच काळात गादीवर बहराम पहिला आला. दरबारात अग्निपूजक पुरोहितांचा प्रमुख कर्दीर याचं वजन वाढलं. मानीला बोलावणं आलं, तेव्हाचा प्रसंग त्याच्या दुभाष्याने सांगितलेला तुकड्यांत शिल्लक आहे. राजा जेवत होता. मानी दाराशी आल्याचं सांगितल्यावर निरोप आला: थांब. जेवण उरकून, हातही न धुता राजा बाहेर आला आणि पहिलंच वाक्य बोलला, "तुझं इथे स्वागत नाही." मानीने विचारलं, "मी काय गुन्हा केला?" बहराम म्हणाला, तू लढाईला जात नाहीस, शिकारीला जात नाहीस, मग तू कामाचा काय? वैद्यकीसाठी म्हणावं तर तेही तू करत नाहीस. मानीने आपण बऱ्या केलेल्या राजसेवकांची आठवण दिली. उपयोग झाला नाही. गुंडेशापूरच्या तुरुंगात जड साखळदंडांत सव्वीस दिवस राहून तो मेला. ही गोष्ट इ.स. २७० च्या दशकातली. कर्दीरने नंतर शिलालेखात फुशारकीने यादीच कोरली: ज्यू, श्रमण, ब्राह्मण, ख्रिस्ती आणि 'झंदिक', यांना राज्यात झोडपून काढलं. हा 'झंदिक' म्हणजे मानीचा माणूस.

राजा शिकारीवरून बोलला, हे मी सहज सोडून देत नाही. इराणी राजाची ओळखच शिकारीत. चांदीच्या ताटांवर तो सिंहावर बाण रोखून कोरलेला असतो. त्याच्या समोर फळसुद्धा न तोडणारा माणूस उभा होता.

रोममध्ये याच्या उलट झालं. इराणात जो परधर्मी म्हणून मेला, त्याचे लोक रोममध्ये इराणी हेर ठरले. ३०२ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने अलेक्झांड्रियाहून आफ्रिकेच्या राज्यपालाला फर्मान पाठवलं: हा पंथ आपल्या शत्रूच्या, पर्शियनांच्या देशातून नुकताच आलाय. त्याच्या पुढाऱ्यांना त्यांच्या ग्रंथांसकट जाळा, अनुयायांना मारा, आणि प्रतिष्ठित घरातले असतील त्यांची मालमत्ता जप्त करून त्यांना खाणीत पाठवा. पुढे साम्राज्य ख्रिस्ती झालं तरी कायदे कडकच होत गेले. ५२७ च्या सुमारास जस्टिनियनच्या राज्यात मानीपंथी असणं हाच देहदंडाचा गुन्हा झाला.

पण फर्मानं वाचून जे कळत नाही, ते इजिप्तच्या वाळवंटातल्या दाखला मरूद्यानात कळतं. तिथे केलिस नावाचं गाव चौथ्या शतकाच्या शेवटी ओस पडलं आणि वाळूखाली गेलं. उत्खननात घरांतून पपायरसवरची खासगी पत्रं निघाली. एक कुटुंब त्यात पुन्हा पुन्हा भेटतं: आई मारिया, बाप मकारिओस, मुलगे मथाइओस आणि पिएने. बाप कामासाठी दूर नाईलच्या खोऱ्यात. तो मथाइओसला लिहितो, स्तोत्रांचा अभ्यास कर, ग्रीक असोत की आपल्या इजिप्तच्या कॉप्टिक भाषेतली, रोज. रोज थोडं लिहीत जा, कारण मला इथे पोथ्या नकलून हव्यात. धाकट्या पिएनेबद्दल दुसऱ्या पत्रात येतं की 'गुरू' त्याला लॅटिन शिकवण्यासाठी सोबत फिरवतोय. वाळवंटातल्या खेड्यातल्या पोराने लॅटिन कशाला शिकायचं? तर बहुधा पुढे पश्चिमेला धर्म नेण्यासाठी. शेजारच्याच अवशेषांत सिरियाक आणि कॉप्टिक शब्दांचे जोडीने लिहिलेले कोशही सापडले. मानीने म्हटलं होतं 'सगळ्या भाषांत', ते असं एकेका घरातून, एकेका शब्दाने चाललं होतं. त्या पत्रांत बाकी सगळं संसाराचं: कापड, पैसे, प्रकृती, दानासाठीचं तेल, 'पत्र का पाठवत नाहीस' ही तक्रार. आपल्याकडे मुंबईला गिरणीत गेलेल्या चाकरमान्याची पत्रं अशीच असत.

याच शतकात आफ्रिकेत ऑगस्टीन नावाचा तरुण नऊ वर्षं श्रावक होता. पुढे ख्रिस्ती बिशप झाल्यावर त्याने आपल्या जुन्या पंथाची मनसोक्त टर उडवली: अंजीर तोडताना ते झाड दुधाचे अश्रू ढाळतं, आणि एखाद्या साधूने ते दुसऱ्याच्या पापाने तोडलेलं अंजीर खाल्लं की तो देवदूत ढेकरांतून बाहेर टाकतो, यावर आपण विश्वास ठेवत होतो! विनोद जमलाय. पण नऊ वर्षं ज्याने अंजीर आणून वाढलं, तोच हे लिहू जाणे.

बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या राज्यात चौकशी थेट ताटावरच आली. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात खलिफा महदीने 'झिंदिक', म्हणजे कर्दीरचाच 'झंदिक' अरबी उच्चारात, हुडकायला खास अधिकारी नेमला. संशयिताची परीक्षा सोपी होती: मानीच्या चित्रावर थुंक आणि हा पक्षी मार. मारला तर सुटलास. इतिहासकार मसूदीने पुढच्या काळातली, खलिफा मामूनच्या वेळची एक गोष्ट दिलीय. बसऱ्याचे दहा संशयित एकत्र नेले जात होते. एका फुकट्याने ते पाहिलं. इतके जण मिळून चाललेत म्हणजे नक्की कुठेतरी मेजवानी, असं समजून तो त्यांच्यात घुसला. नावेत बसला आणि मग त्याच्याही पायात बेड्या पडल्या. खलिफापुढे एकेकाला नावाने बोलावलं गेलं, चित्र आणि पक्षी पुढे ठेवले गेले, नकार आला, मान उडाली. असे दहा झाले. अकरावा उरला. तू कोण? त्याने रडत खरं सांगितलं, खलिफा हसला आणि तो वाचला. मसूदी हे गंमत म्हणून सांगतो. मला मात्र ते दहा जण आठवत राहतात. समोर एक पक्षी होता, एवढंच.

९२३ मध्ये बगदादच्या दाराशी मानीचं चित्र आणि चौदा पोती ग्रंथ जाळले, तेव्हा राखेतून सोनं आणि चांदी वितळून वाहिली, इतक्या त्या पोथ्या सजवलेल्या होत्या. त्याच शतकाच्या शेवटी पुस्तकविक्रेता इब्न अल्-नदीम लिहितो: मला बगदादमध्ये असे तीनशे लोक माहीत होते, आता पाचही नाहीत. उरलेले समरकंदकडे गेले.

पूर्वेला मात्र एकदा असं घडलं की राजाच श्रावक झाला. ७६२-६३ मध्ये चीनच्या उत्तरेला राज्य करणाऱ्या उइगुर या तुर्की लोकांचा खान बोगू चिनी सम्राटाच्या मदतीला सैन्य घेऊन लोयांगला गेला असता तिथे त्याला मानीचे सोग्दी, म्हणजे समरकंदकडचे, साधू भेटले. तो चार साधू बरोबर घेऊन गवताळ मैदानात परतला. उइगुरांची राजधानी काराबलगासून इथल्या शिलालेखात अभिमानाने कोरलंय की रक्ताची वाफ उठणारा हा देश आता भाज्या खाणारा झाला. घोड्यावरच्या धनगरांचा देश आणि भाजीपाला! कितपत झालं असेल देव जाणे. पण खानाच्या दराऱ्यामुळे चीनच्या शहरांत मानीची देवळं उघडली. आणि ८४० मध्ये किरगिझांनी उइगुरांचं राज्य मोडल्याबरोबर ती बंदही झाली. ८४३ मध्ये सम्राट वूझोंगच्या हुकुमावरून साधूंची डोकी भादरली, त्यांना बौद्ध काषाय नेसवलं आणि मग मारलं, असं तेव्हा राजधानीत असलेला जपानी भिक्षू एन्निन आपल्या रोजनिशीत लिहितो. दुसऱ्याचा वेष घालून फसवता, हा त्यांच्यावर जुना आरोप. तो मरताना त्यांच्या अंगावर चढवला. दोनच वर्षांनी बौद्धांचीही पाळी आली.

छळाने हा धर्म संपला, असं सरळ म्हणवत नाही. छळ ख्रिस्त्यांचा झाला, ज्यूंचा झाला, ते राहिले. मानीच्या धर्मात साधूला लपायची सोय नव्हती. शेजाऱ्याला फक्त एवढंच बघायचं होतं की या घरी रोज फळं कुणासाठी जातात आणि पाहुणा मांस का खात नाही. दार भीतीने बंद झालं की साधू उपाशी, आणि साधू नाही तर श्रावकाच्या पापाला वाटच उरत नाही. चीनच्या किनाऱ्यावर, फूजियान आणि वेनझोऊकडे, तो सर्वांत जास्त टिकला. तिथेही सरकारी कागदांत त्यांचं नाव पडलं 'भाजी खाणारे, सैतान भजणारे'. पुन्हा ताटच.

त्याच फूजियानमध्ये जिनजियांगजवळ डोंगराच्या कुशीत साओआन नावाचं छोटं देऊळ आहे. आत दगडात कोरलेला मानी मांडी घालून बसलाय. चेहरा, हात आणि अंगरखा यांचे दगडांचे रंग वेगवेगळे, मागून किरण निघालेले, केस सरळ खांद्यावर, आणि बुद्धाला कधी नसते ती दाढी. गावकरी त्याला बुद्ध म्हणूनच उदबत्ती लावत आले, म्हणून तो वाचला. बाजूला १३३९ सालचा लेख आहे, त्यात राजा नाही, खान नाही. शिएदियानच्या बाजारपेठेतला छेन झेनझे नावाचा एक भाविक सांगतो की ही मूर्ती मी आनंदाने अर्पण केली, माझ्या वारलेल्या आईवडिलांना लवकर बुद्धलोकात जन्म मिळावा म्हणून.